मोबाइल, मुलं आणि ०.४ टक्के

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि पुढचा दीड तास घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद होतात. गावाने २०२२ मध्ये ग्रामसभेत हा निर्णय घेतला, तेव्हा त्याची बातमी देशाबाहेरही गेली. ऑस्ट्रेलियाने हीच काळजी थेट कायद्यात उतरवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. नियम न पाळणाऱ्या कंपनीला ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

गावाचा भोंगा असो की देशाचा कायदा, दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे: पडद्यासमोरचा वेळ मुलांच्या मनाला अपाय करतो. मग संशोधन याबद्दल काय सांगते? या प्रश्नावर गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, त्यात एक आकडा सतत पुढे येतो, तो म्हणजे ०.४ टक्के. एका बाजूचे तज्ज्ञ या आकड्याकडे बोट दाखवून म्हणतात, काळजी अवास्तव आहे. दुसऱ्या बाजूचे तज्ज्ञ तोच आकडा घेऊन म्हणतात, तो फसवा आहे. हा आकडा नेमका कशाचा आहे, हे कळल्याशिवाय कोण बरोबर हे ठरवता येत नाही.

आकडा आला कुठून?

एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांचा निबंध जानेवारी २०१९ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात आला. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या तीन मोठ्या सर्वेक्षणांतल्या ३,५५,३५८ किशोरवयीन मुलांची माहिती त्यांनी वापरली. डिजिटल साधनांचा वापर आणि मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध त्यांनी तपासला आणि तो नकारात्मक निघाला. म्हणजे वापर जास्त असलेल्या मुलांचे स्वास्थ्य सरासरीने थोडे कमी होते. पण मुलामुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरकाचाच उलगडा डिजिटल वापरावरून होत होता.

या निबंधातल्या तुलना विशेष गाजल्या. त्याच माहितीत छळ किंवा दादागिरी सोसणे, गांजा ओढणे यांचा स्वास्थ्याशी असलेला नकारात्मक संबंध डिजिटल वापरापेक्षा कितीतरी मोठा होता. पुरेशी झोप आणि सकाळची न्याहारी यांचा चांगला संबंधही त्याहून मोठा होता. आणि बटाटे नियमित खाण्याचा नकारात्मक संबंध मात्र डिजिटल वापराच्या जवळपास पोहोचत होता. ‘मोबाइल बटाट्याइतकाच धोकादायक’ अशा अर्थाचे मथळे त्यातूनच झाले.

या आकड्याचे दोन चुकीचे अर्थ लावले जातात. मोबाइलमुळे स्वास्थ्य ०.४ टक्क्यांनी घटते, असा याचा अर्थ नाही. हजारातल्या चार मुलांना अपाय होतो, असाही नाही. हे टक्के मुलांचेही नाहीत आणि स्वास्थ्याचेही नाहीत. ते फरकाचे आहेत.

फरकाचा एक रुपया

एका कल्पित चाचणीत हजारो मुलांनी स्वास्थ्याचे गुण मिळवले आहेत असे समजा. कुणाला ७५, कुणाला ६०, कुणाला ४५. सगळ्यांना सारखेच गुण असते तर शोधण्यासारखे काही उरलेच नसते. गुण वेगवेगळे आहेत, म्हणून ते का वेगळे आहेत हा प्रश्न पडतो. या सगळ्या वेगळेपणाची एकत्र बेरीज संख्याशास्त्रात एका मापाने करतात. त्या मापाला आपल्या सोयीसाठी एक रुपया, म्हणजे शंभर पैसे म्हणू.

रिग्रेशन ही पद्धत या रुपयाचा हिशेब मांडते. आधी घरची परिस्थिती, आईवडिलांचे शिक्षण, मुलगा की मुलगी, वय अशा गोष्टी समीकरणात घालतात. समजा त्यांनी शंभरपैकी दहा पैशांचा उलगडा केला. उरले नव्वद पैसे. मग त्याच समीकरणात पडद्यासमोरचा वेळ घातला आणि उलगडा दहावरून १०.३६ पैशांवर गेला. ही वाढ ०.३६ पैशांची. पण तिची तुलना पूर्ण रुपयाशी करायची नसते. आधीच्या गोष्टींनी जे नव्वद पैसे सोडले होते, त्यांच्याशी करायची असते. ०.३६ भागिले ९० म्हणजे ०.००४, अर्थात ०.४ टक्के. याच मापाला आंशिक आर-स्क्वेअर म्हणतात.

‘आंशिक’ या शब्दात या मापाचा सगळा उपयोग आहे. समजा, ज्या घरांत आईवडील दोघेही दिवसभर कामावर असतात किंवा पैशांची ओढाताण असते, तिथली मुले मोबाइलवर जास्त वेळ असतात आणि त्यांचे स्वास्थ्यही कमी असते. अशा वेळी नुसता मोबाइलच समीकरणात घातला, तर घरच्या परिस्थितीचा वाटाही त्याच्याच नावावर चढतो आणि मोबाइल दोन-तीन पैसे खाऊन गेल्यासारखा दिसतो. आंशिक आर-स्क्वेअर तो सामायिक वाटा बाजूला काढतो. बाकी सगळे समीकरणात असताना या एका गोष्टीने नव्याने काय सांगितले, एवढेच तो मोजतो.

याचेच भावंड म्हणजे एफ-स्क्वेअर. नव्या वाढीची तुलना आधी उरलेल्या नव्वद पैशांशी न करता, शेवटपर्यंत उलगडा न झालेल्या ८९.६४ पैशांशी केली की तो मिळतो.

आंशिक R² = (R² नंतर − R² आधी) / (1 − R² आधी)

f² = (R² नंतर − R² आधी) / (1 − R² नंतर)

आपल्या उदाहरणात ०.३६ भागिले ८९.६४ म्हणजे पुन्हा ०.००४ च. परिणाम लहान असताना ही दोन मापे जवळपास सारखीच येतात. परिणाम मोठा असेल तर एफ-स्क्वेअर पुढे जातो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी एफ-स्क्वेअरसाठी सोयीच्या तीन खुणा दिल्या: ०.०२ म्हणजे लहान परिणाम, ०.१५ म्हणजे मध्यम, ०.३५ म्हणजे मोठा. या फूटपट्टीवर ०.००४ हा आकडा ‘लहान’च्या खुणेपाशीही पोहोचत नाही, तिच्या पाचव्या हिश्श्यावरच थांबतो. पण खुद्द कोहेन यांनीच बजावून ठेवले होते की त्या क्षेत्रातला दुसरा कुठलाच चांगला आधार हाताशी नसेल, तरच या खुणा वापराव्यात. हा इशारा पुढे फारसा कुणी लक्षात ठेवला नाही.

‘लक्षणीय’ म्हणजे मोठे नव्हे

एवढा बारीक संबंध, तरी तो ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’ कसा ठरला? इथे बातम्यांमधला नेहमीचा गोंधळ आहे. एखाद्या निष्कर्षाची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली असली की तो लक्षणीय म्हणतात. प्रत्यक्षात संबंध शून्य असताना, निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा आकडा दिसणे कितपत संभवते, हे पी-व्हॅल्यू सांगते. संबंध किती मोठा आहे, हे ती सांगत नाही. मराठीत ‘लक्षणीय वाढ’ म्हटले की भरघोस वाढ डोळ्यांसमोर येते. संख्याशास्त्रातल्या ‘लक्षणीय’चा त्याच्याशी काही संबंध नाही.

पी-व्हॅल्यू दोन गोष्टींवर ठरते: परिणामाचा आकार आणि पाहणीतल्या माणसांची संख्या. माणसे वाढवत नेली की कितीही बारीक परिणाम लक्षणीय होतो. हिशेब सोपा आहे. शंभर मुलांच्या पाहणीत निष्कर्ष लक्षणीय ठरायला आंशिक आर-स्क्वेअर सुमारे ४ टक्के असावा लागतो. दहा हजार मुले घेतली तर ०.०४ टक्के पुरतात. साडेतीन लाख मुले एकाच समीकरणात घातली तर ०.००१ टक्क्यालाच ‘लक्षणीय’चा शिक्का मिळतो. म्हणजे एवढ्या मोठ्या पाहणीत लक्षणीय काय निघाले, हा प्रश्नच निरर्थक होतो, कारण जवळपास सगळेच लक्षणीय निघते. विचारायचे ते आकाराबद्दल.

याच हिशेबाची उलटी बाजू जास्त घातक आहे. समजा खरा आकडा ०.४ टक्केच आहे आणि कुणीतरी एका शाळेतल्या शंभर मुलांची पाहणी केली. ती लक्षणीय ठरायची तर तिच्यात योगायोगाने ४ टक्के, म्हणजे खऱ्याच्या दसपट आकडा यावा लागेल. ज्या शाळांत तसा आला नाही, त्यांचे अहवाल सहसा कपाटातच राहतात. जिथे आला, तिथला अहवाल छापून येतो आणि त्याची बातमी होते. म्हणून छोट्या पाहणीतला ‘लक्षणीय’ निष्कर्ष खोटा नसला, तरी फुगलेला असण्याची शक्यता बरीच असते. अशी बातमी वाचताना पाहणीत किती मुले होती, हे म्हणूनच आधी बघावे.

फुगण्याचे आणखी एक कारण ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्की यांनी दाखवून दिले. स्वास्थ्य कोणत्या प्रश्नांवरून मोजायचे, वापरात टीव्ही धरायचा की नाही, घरच्या परिस्थितीच्या कोणत्या नोंदी समीकरणात घालायच्या, असे पर्याय संशोधकाला प्रत्येक पायरीवर असतात. त्यांनी वापरलेल्या ब्रिटिश सर्वेक्षणात अशा वाटा साठ कोटींहून अधिक होत्या. त्यातली एखादी निवडली की संबंध चांगलाच नकारात्मक दिसे, दुसरी निवडली की सकारात्मकही. त्यांनी हजारो वाटा चालून पाहिल्या आणि सगळ्यांचा मध्य काढला. एका वाटेने आलेला आकडा आणि सगळ्या वाटांच्या मधला आकडा यांत किती अंतर असू शकते, हे त्यातून दिसले.

अ‍ॅस्पिरिनची गोष्ट

इथवर हिशेब एका बाजूला झुकतो: संबंध आहे, पण नगण्य. मात्र ‘लहान आर-स्क्वेअर म्हणजे नगण्य परिणाम’ हे समीकरण वैद्यकशास्त्रातल्या एका नावाजलेल्या प्रयोगापुढे टिकत नाही.

अमेरिकेत १९८० च्या दशकात २२,०७१ पुरुष डॉक्टरांवर एक चाचणी झाली. चिठ्ठी टाकावी तसे निम्म्यांना दिवसाआड अ‍ॅस्पिरिनची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. सरासरी पाच वर्षांत अ‍ॅस्पिरिनच्या ११,०३७ डॉक्टरांपैकी १०४ जणांना हृदयविकाराचा झटका आला. दुसऱ्या गटातल्या ११,०३४ पैकी १८९ जणांना आला. हा फरक इतका मोलाचा मानला गेला, की डिसेंबर १९८७ मध्ये चाचणीचा हा भाग मुदतीआधीच थांबवला गेला. दुसऱ्या गटाला अ‍ॅस्पिरिनपासून वंचित ठेवणे योग्य वाटेना.

आता याचा आर-स्क्वेअर काढला तर? तो येतो ०.००११, म्हणजे ०.११ टक्के. एफ-स्क्वेअरही तेवढाच. मोबाइलच्या ०.४ टक्क्यांच्या पावपटीहून थोडाच अधिक. एक आकडा पाहून ‘काळजीचे कारण नाही’ म्हटले जाते आणि त्याहून लहान आकड्यासाठी एक चाचणी थांबवली जाते. हे कसे?

कारण झटका ही दुर्मीळ घटना आहे. बावीस हजारांपैकी २१,७७८ जणांना झटका आलाच नाही, मग गोळी कुठलीही असो. कुणाला झटका येणार आणि कुणाला नाही, हे बहुतांशी वय, रक्तदाब, धूम्रपान, आनुवंशिकता आणि नशीब यांवर अवलंबून होते. त्या मोठ्या रुपयात गोळीचा वाटा बारीकच दिसणार. पण तोच परिणाम माणसांच्या संख्येत मांडला की चित्र बदलते. दर हजारी सुमारे १७ झटक्यांऐवजी ९ ते १०. साधारण १३० जणांनी पाच वर्षे गोळी घेतली तर एकाचा झटका टळतो. झटक्यांचे प्रमाण जवळपास ४५ टक्क्यांनी घटले.

आंशिक आर-स्क्वेअर सांगतो की माणसामाणसांतल्या फरकाचा किती भाग एखाद्या गोष्टीमुळे कळला. ती गोष्ट बदलली तर किती जणांचे भले होईल, हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरले की चूक होते.

या गोष्टीला पुढचा अध्यायही आहे. अ‍ॅस्पिरिनमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे पुढच्या चाचण्यांत ठळक झाले. हृदयविकार नसलेल्या साठीपुढच्या लोकांनी केवळ खबरदारी म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य सेवाविषयक तज्ज्ञ गटाने २०२२ मध्ये दिला. फायद्याचा आकार कळला, तरी तोट्याचा आकार समोर ठेवल्याशिवाय निर्णय पुरा होत नाही.

सगळ्यांना थोडे की थोड्यांना फार?

मोबाइलच्या वादात हाच मुद्दा पुढे आला. जीन ट्वेंगी, जोनाथन हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्याच नियतकालिकात ऑर्बेन-प्रझिबिल्स्की यांच्या पद्धतीवर आक्षेप नोंदवले. टीव्ही, गेम आणि समाजमाध्यमे एकाच टोपलीत टाकली, मुलगे आणि मुली वेगळे पाहिले नाहीत, आणि फरकाच्या टक्क्यांवरून व्यवहारातले महत्त्व ठरवले, असा त्यांचा रोख होता. समाजमाध्यमे आणि मुली एवढेच पाहिले तर संबंध बराच मोठा दिसतो, असे त्यांचे म्हणणे आहे. हाइट यांचे २०२४ चे ‘द अँक्शस जनरेशन’ हे पुस्तक याच भूमिकेवर उभे आहे.

हा वाद समजून घ्यायला पुन्हा कल्पित चाचणीकडे जावे लागेल. समजा सरासरी ६० गुण आहेत आणि मुलांचे गुण सरासरीच्या आजूबाजूला साधारण १५ गुणांनी पसरलेले आहेत. ०.४ टक्के हा एकच आकडा या चाचणीत निदान तीन वेगळ्या चित्रांतून येऊ शकतो.

पहिल्या चित्रात परिणाम सगळ्या मुलांवर सारखा आहे. ज्याचा वापर नेहमीच्या फरकाइतका जास्त, त्याचे गुण साधारण एकाने कमी. साठऐवजी एकोणसाठ. हे ना मुलाला जाणवेल, ना घरच्यांना. ऑर्बेन आणि प्रझिबिल्स्की यांनी दुसऱ्या एका निबंधात हाच हिशेब तासांत मांडला होता. त्यांच्या माहितीतला संबंध सरळ रेषेत ताणत नेला, तर स्वास्थ्यातली घट मुलाला स्वतःला जाणवायला रोजचा वापर ६३ तासांहून अधिक वाढावा लागेल. दिवस तर चोवीस तासांचाच असतो.

दुसऱ्या चित्रात वीसपैकी एकोणीस मुलांवर काहीच परिणाम नाही, पण विसाव्या मुलाचे गुण चार-साडेचारांनी कमी आहेत. तिसऱ्या चित्रात नव्व्याण्णव मुले सुखरूप आहेत आणि शंभरावे मूल साडेनऊ गुणांनी खाली घसरले आहे. ही घसरण घरात नक्की दिसेल. वीस हजार किशोरवयीन मुले असलेल्या तालुक्यात अशी दोनशे मुले असतील. तिन्ही चित्रांत आंशिक आर-स्क्वेअर सारखाच, ०.४ टक्के. पहिल्या चित्रात कायदा अनाठायी ठरतो. तिसऱ्यात सगळ्यांवर बंदी घालण्यापेक्षा ती दोनशे मुले शोधून काढणे जास्त गरजेचे ठरते.

तिन्हींपैकी खरे चित्र कोणते, हे एकट्या आंशिक आर-स्क्वेअरवरून कळत नाही. त्यासाठी मुलगे आणि मुली, कमी आणि अति वापर, आधीपासून त्रास असलेली आणि नसलेली मुले यांचे आकडे वेगवेगळे मांडावे लागतात. एकच सरासरी आकडा देऊन थांबणारा अहवाल, मग तो कोणत्याही बाजूचा असो, अर्धवट मानावा.

माप कुठे चुकते?

आंशिक आर-स्क्वेअर लहान येण्याची आणखी दोन कारणे असतात आणि दोन्हींचा मोबाइलच्या खऱ्या परिणामाशी संबंध नसतो.

पहिले कारण म्हणजे मोजणीतला गोंधळ. रोज किती तास मोबाइल वापरता, या प्रश्नाचे अचूक उत्तर मोठ्यांनाही देता येत नाही. मुले अंदाजाने सांगतात. कुणी तीन तासांचे दोन सांगतो, कुणी पाच. मोजमाप असे धूसर असले की खरा संबंधही फिका दिसतो आणि आंशिक आर-स्क्वेअर खऱ्यापेक्षा कमी येतो. त्यातच जवळपास प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल असेल, तर मुलामुलांच्या वापरात फरकच कमी उरतो. जिथे फरक नाही, तिथे फरकाचा उलगडा करणारे मापही आंधळे होते. सगळे गाव एकाच विहिरीचे पाणी पीत असेल, तर कुणाचे पोट बिघडले आणि कुणाचे नाही यावरून त्या पाण्याचा दोष कळणार नाही.

दुसरे कारण म्हणजे समीकरणात काय काय घातले. घरची परिस्थिती घालणे योग्यच, कारण ती मोबाइलच्या आधीची आहे. पण समजा कुणी झोपेचे तासही घातले. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिल्याने झोप कमी होते आणि झोप कमी झाल्याने मन बिघडते, अशी साखळी असेल, तर झोप ही मोबाइलच्या परिणामाची वाट झाली. ती समीकरणात घातली की मोबाइलचा वाटा झोपेच्या खात्यात जमा होतो आणि त्याचा स्वतःचा आकडा शून्याकडे सरकतो. त्यामुळे एखादा आंशिक आर-स्क्वेअर वाचताना, इतर कोणत्या गोष्टी आधी वजा केल्या होत्या, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आणि कार्यकारणाचा प्रश्न उरतोच. अ‍ॅस्पिरिन कुणाला द्यायचे, हे चिठ्ठीने ठरले होते, म्हणून तिथला ०.११ टक्के गोळीचाच होता असे म्हणता येते. मोबाइल कुणी किती वापरायचा, हे चिठ्ठीने ठरत नाही. उदास मूल मोबाइलकडे जास्त वळत असेल, तर तो संबंधही याच ०.४ टक्क्यांत मिसळलेला असतो. अशा वेळी आकडा खऱ्यापेक्षा फुगलेलाही असू शकतो.

कायदा आणि भोंगा

मग ऑस्ट्रेलियाचा कायदा बरोबर की चूक? ०.४ टक्के हा आकडा त्याचे उत्तर देत नाही, आणि तो देतो असे सांगणारी दोन्ही टोके चुकतात. सरासरी मुलाच्या स्वास्थ्यात मोबाइलचा वाटा झोप, न्याहारी किंवा छळ यांच्यापुढे लहान आहे, एवढे तो बऱ्यापैकी खात्रीने सांगतो. म्हणजे मुलांच्या मनाचे सगळे दुखणे मोबाइलच्या माथी मारून शाळेतल्या दादागिरीकडे काणाडोळा करायला त्याचा आधार मिळत नाही. पण थोड्या मुलांना मोठा त्रास होत असेल, ही शक्यताही त्याने खोडलेली नाही. आता ऑस्ट्रेलियात कायदा लागू झाला आहे. बंदीच्या आधी आणि नंतर मुलांची झोप, चिंता, रुग्णालयात येण्याचे प्रमाण कसे बदलते, हे पाहता येईल. ते आकडे येतील तेव्हा ‘लक्षणीय’ या शब्दापेक्षा, किती मुलांमध्ये किती फरक पडला, हे पाहावे लागेल.

मोहित्यांच्या वडगावचा हिशेब वेगळा आहे. दीड तासाच्या भोंग्याला फारसा खर्च नाही आणि नको वाटला तर ग्रामसभा तो बंद करू शकते. जिथे तोटा एवढा कमी, तिथे लहान फायदाही पुरतो. देशभरातल्या लाखो मुलांची खाती बंद करणाऱ्या, त्यासाठी वयाची पडताळणी लावणाऱ्या कायद्याला मात्र फायद्याचा आकार जास्त खात्रीने दाखवावा लागतो.